आधी आरसा, मग दार

वीस-बावीस वर्षं मी जाहिरातींची वाक्यं लिहून पोट भरलं, त्यामुळे नेमके शब्द वापरले की कुणाकडूनही काहीही करून घेता येतं, अशी माझी समजूत होती. घरात ती कधीच खरी ठरली नव्हती, पण घर हा अपवाद मानायची पद्धत आहे. मजकूर वाचून व्हिडिओ तयार करणारी सॉफ्टवेअर आली तेव्हा वाटलं, आता आपलं राज्य आलं. कॅमेरा नको, नट नको, नटाचे रुसवेफुगवे तर नकोतच. बिबवेवाडीत पिठाच्या गिरणीवरची एक खोली घेतली. हिंजवडीची आयटीतली नोकरी आणि तिथवरचा बसप्रवास दोन्हींना विटलेली एक मुलगी भागीदार म्हणून मिळाली. यंत्र तिचं, शब्द माझे, असं ठरलं.

आमच्याकडे ड्रायव्हिंग स्कूलवाले सर आले ते याच सुमारास. साठी ओलांडलेली, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं मोजकं. त्यांना पहिल्या दिवशी वर्गात दाखवायला आठ सेकंदांची फिल्म हवी होती. रस्त्याकडेला उभी गाडी, टपावर त्यांच्या स्कूलची पाटी. चालक आरशात बघतो, मान वळवून मागे बघतो आणि मग डाव्या हाताने आपल्या उजवीकडचं दार उघडतो. डावा हात कशासाठी, तर तो दारापर्यंत न्यायचा म्हणजे अंग वळवावं लागतं, आणि अंग वळलं की नजर आपोआप मागे जाते.

"एवढंच ना?" मी विचारलं.

"एवढंच," ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, "तरुणपणी स्वारगेटजवळ मी न बघता दार उघडलं. सायकलवरचे एक गृहस्थ त्यावर आदळले. वाचले, पण त्यांचा उजवा हात पुन्हा सरळ झाला नाही. वर्षभर दर रविवारी मी त्यांना भेटायला जायचो. ते डाव्या हाताने चहा प्यायचे आणि मला दुसरा कप घ्या म्हणायचे. म्हणून ही फिल्म हवी आहे."

असं ऐकल्यावर माणसाने तोंड आवरून बोलावं. मी म्हणालो, "काळजीच करू नका सर. तुम्ही सांगाल तस्सं होईल."

पहिली फिल्म देखणी झाली. कोवळं ऊन, झाडांच्या सावल्या, पांढरी गाडी. फक्त चालक डावीकडे बसला होता. मी "स्टिअरिंग उजवीकडे" असं लिहिलं, तर स्टिअरिंग उजवीकडे आलं आणि चालक डावीकडेच राहिला. पुढच्या फिल्ममध्ये माणसाने आधी दार उघडलं आणि मग शांतपणे आरशात भांग बघितला. त्यापुढच्यात आरशात स्कूटर दिसत होती आणि मागचा रस्ता ओसाड होता. मी चिडून लिहिलं, "स्कूटर दारावर आदळता कामा नये." तेव्हापासून स्कूटर दर वेळी दाराकडेच यायला लागली. एकदा ती न आदळता, न थांबता, उघड्या दारातून आरपार निघून गेली. स्वारगेटच्या चौकात यापेक्षा फार वेगळं दिसत नाही, पण वर्गात दाखवण्यासारखं ते नव्हतं.

सरांनी सगळं पाहिलं. एका फिल्ममध्ये मागे सिग्नल होता आणि सगळी वाहनं पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडे ओळीत उभी होती. "हे गाव कुठलं?" त्यांनी विचारलं.

माझा मजकूर दीड पानावर गेला. जितका लांबला तितकं यंत्र त्यातलं कमी कमी पाळायला लागलं. भागीदारीण म्हणाली, "काका, हा प्रॉम्प्ट आहे की सोसायटीची नोटीस? तुम्ही आता त्याला समजावू नका. सरांना समजवा. लेखी."

पहिला खर्डा म्हणजे मी मागितलेली माफी होती, तीही अलंकारिक. तिने तो खोडला. दुसऱ्यात सगळा दोष यंत्राचा होता, तोही खोडला. तिसरं पत्र गेलं, ते असं:

"आदरणीय सर, शब्दांनी आम्ही बरंच ठरवू शकतो. सकाळ की संध्याकाळ, ऊन की ढग, गाडीचा रंग आणि प्रकार, कॅमेरा साधारण कुठून बघतो, जवळ जातो की लांब राहतो, एखादी सोपी हालचाल. हेही बहुतेक वेळा जमतं, दर वेळी नाही, कारण तोच मजकूर पुन्हा दिला तर फिल्म वेगळी निघते. डावं-उजवं, आरशातलं प्रतिबिंब, पाटीवरची देवनागरी अक्षरं आणि एकामागून एक येणाऱ्या क्रियांचा क्रम, यांवर शब्दांची पकड कच्ची आहे. यंत्र आपली सूचना माणसासारखी पाळत नाही. त्याने शिकताना पाहिलेल्या चित्रफितींत अशा शब्दांबरोबर जे दिसत होतं, त्यासारखं काहीतरी ते रचतं. त्यामुळे 'नको' म्हटलेली गोष्टही नुसत्या उल्लेखाने चित्रात येऊ शकते. आपल्या गाडीचा फोटो सुरुवातीला दिला तर स्टिअरिंग बरंचसं जागेवर राहील. पाटी आम्ही नंतर वेगळी बसवू. बघणं आणि दार उघडणं यांच्या दोन फिती करून जोडल्या तर क्रम आमच्या हातात राहील. एका सलग फितीत मात्र, सूचना कितीही स्पष्ट असली तरी, आधी बघणं आणि मग दार हे घडेलच अशी हमी देता येत नाही. पहिल्या दिवशी मी ती दिली, ही माझी चूक."

दुसऱ्या दिवशी सर पत्राची छापील प्रत खिशात घालून आले. काही ओळींखाली निळ्या पेनाने रेघा होत्या.

"मराठी चांगलं आहे," ते म्हणाले. "हे आधी का नाही दिलंत?"

मी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

"आणि दोन फिती नकोत. बघणं आणि दार यांच्या मधेच अपघात होतो. नेमकं तिथेच कापलंत तर शिकवायचं काय?"

तेव्हा आम्ही, सगळ्या प्रगतीनंतर, खरी गाडी घेऊन खऱ्या गल्लीत गेलो. भागीदारिणीने मोबाइल स्टँडवर लावला. चालक म्हणून सरांनी मलाच बसवलं. "मी केलं तर ती सवय दिसेल. नवखा माणूस हवा." त्यांनी मला क्रम तीनदा सांगितला. मी तीनदा मान डोलावली. हा क्रम मी स्वतः चाळीस वेळा लिहिला होता, मला काय सांगता.

तिने "करा सुरू" म्हटलं. माझा चेहरा पडद्यावर कसा दिसत असेल हा विचार डोक्यात होता. मी दार उघडलं, तेही उजव्या हाताने.

ब्रेक करकचून वाजला. दारापासून वीतभर अंतरावर एक बाई स्कूटर थांबवून उभ्या होत्या, हँडलला अडकवलेली भाजीची पिशवी अजून हलत होती. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "काका, आरसा काय दाढीसाठी दिलाय?" आणि निघून गेल्या.

डाव्या हातात चहाचा कप धरलेले ते गृहस्थ डोळ्यांपुढे आले, आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली. सर सावकाश खिडकीशी आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी खिशातून माझंच पत्र काढलं आणि एका रेघेवर बोट ठेवलं.

"वाचा."

"सूचना कितीही स्पष्ट असली तरी," मी वाचलं. "आधी बघणं आणि मग दार हे घडेलच अशी हमी देता येत नाही."

"म्हणून शेजारी बसावं लागतं," ते म्हणाले. वळसा घालून ते डावीकडच्या सीटवर येऊन बसले, दार लावून घेतलं. "शब्द झाले. आता हात."

मी डावा हात उजवीकडे नेला. अंग वळलं, मान मागे फिरली. गल्ली रिकामी होती, तरी मी बराच वेळ बघत राहिलो.