सुनयनाचा गुणतक्ता

जयमालाबाईंनी मिथुन भोईरला पहिल्यांदा नीट पाहिलं ते शाळेच्या मैदानावर, गुडघ्यांवर बसलेला. खो-खोच्या मैदानाची चुन्याची रेघ शिपायाने वीतभर वाकडी मारली होती. मिथुन ती हाताने पुसून, दोरी ताणून पुन्हा मारत होता. "वाकडी असली तरी पोरी पळतीलच की हो," असं बाई हसून म्हणाल्या. तो वर न बघताच म्हणाला, "पळतील बाई. पण एकीला वीतभर जास्त पळावं लागेल." बाई मराठी शिकवत. हे वाक्य त्यांना फळ्यावर लिहून ठेवावंसं वाटलं होतं.

मिथुन घणसोली गावचाच. शाळेचे विश्वस्त देवजीशेठ हे त्याचे नात्याने मामा. पूर्वी शेती असलेल्या जागेवर आता त्यांच्या इमारती उभ्या होत्या, आणि शाळेच्या संघात कोण खेळणार हेही बरीच वर्षं त्यांच्याच ओसरीवर ठरायचं. खेळाचा शिक्षक म्हणून आलेल्या मिथुनने पहिल्याच वर्षी ते बंद केलं. त्यातून त्या वर्षी शेठची नात स्नेहल निवडीला उतरणार होती. म्हणून त्याने मुख्याध्यापकांना लिहूनच दिलं, "उमेदवारांत माझी नातेवाईक आहे. मी गुण देणार नाही."

त्याने दुसऱ्या शाळांतले तीन निरीक्षक बोलावले. पळती, पाठलाग, खो देणं, खांबावरची झेप आणि सोबतिणींशी वागणूक, अशी पाच अंगं ठरवली. प्रत्येकात कशाला किती गुण, तेही शब्दांत लिहिलं. खो देताना पाठीला हात आणि तोंडाने आवाज एकदमच हवा, मागेपुढे झालं की गुण कमी. आधी गेल्या वर्षीच्या दोन मुलींना पळवून निरीक्षकांना सरावाचे गुण द्यायला लावले, आणि कुणाचा हात सढळ, कुणाचा आखडता, ते बोलून जुळवून घेतलं. मुलींच्या अंगावर नुसते क्रमांक, नावं नाहीत. दोन वेगवेगळ्या दिवशी दोन चाचण्या. तिघे मैदानाच्या तीन बाजूंना बसणार आणि एकमेकांशी बोलायच्या आत तक्ते जयमालाबाईंच्या हाती देणार. बेरीज बाईंची.

पालकसभेत त्याने सगळं वाचून दाखवलं. "कुणाला दुखत असेल तर शिट्टीआधी सांगायचं, वेगळी चाचणी मिळेल. यादी फळ्यावर लागणार नाही, प्रत्येकीला मी एकेकटीला सांगेन. आणि आपल्या मुलीचा तक्ता कुठल्याही पालकाला बघता येईल. दुसरीचा नाही."

मागच्या बाकावरून मानसिंग शेडगे म्हणाले, "हे ब्येस केलंसा सर." ते साताऱ्याकडचे, भाजी मार्केटात माथाडी. गावातच भाड्याच्या खोलीत राहत. त्यांची सुनयना नववीत होती आणि शाळेत तिच्याइतकं चपळ कुणी नव्हतं. घरी मात्र एका अटीवर खेळणं चालू होतं. आईचं गुडघ्याचं दुखणं घरात होतंच. पोरीने पाय दुखवून घेतला की खेळ बंद.

पहिल्या दिवशी सुनयना वाऱ्यासारखी पळाली. दुसऱ्या दिवशी शिट्टीआधी मिथुनने तिला विचारलं, "काही दुखतंय का गं?"

"नाही सर."

"नक्की?"

"काय सर, टेन्शन नका घेऊ."

त्या दिवशी ती तीनदा चटकन बाद झाली. तिन्ही निरीक्षकांत मोठा फरक पडला असता तर नियमाने चाचणी पुन्हा झाली असती. पण तिघांचे गुण जवळपास सारखेच आले. बाईंनी बेरीज केली, मग उलटीकडून पुन्हा केली. संघ बारा जणींचा. बाराव्या जागेवर स्नेहल होती. अर्ध्या गुणाने तेराव्या जागेवर सुनयना.

निकाल ग्रंथालयात सांगितले. मिथुन, समोर एक मुलगी आणि बाजूला बाई. क्रमांकाप्रमाणे मुली येत होत्या. स्नेहल हसत बाहेर गेली आणि सुनयना आत आली.

मिथुनने घोळवलं नाही. "सुनयना, बारा जणींत तुझं नाव नाही. तू पहिली राखीव आहेस. तुझी पळती सगळ्यांत चांगली होती. झेप कमी पडली. सरावाला संघाबरोबरच यायचंस, आणि डिसेंबरात पुन्हा निवड आहे."

"थँक्यू सर," ती म्हणाली. मग खाली वाकून तिने मोजा उतरवला. घोटा वांग्यासारखा झाला होता.

"शिट्टीआधी का नाही सांगितलंस?"

"आप्पांना कळलं असतं. आता पण नका सांगू सर. प्लीज. खेळच बंद करतील."

बाहेर स्नेहल मैत्रिणींना सांगत होती, तिचं ओरडणं आत ऐकू येत होतं. "नाही सांगणार," मिथुन म्हणाला. बाईंनी पायाला पट्टी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवजीशेठ गेटवरच भेटले. आजूबाजूला वीस-पंचवीस पालक. त्यांनी मिथुनच्या पाठीवर थाप मारली. "काम केलंस भाच्या! मना वाटलं व्हतं तू इसरलास. रक्ताचा हाय शेवटी!"

"मामा, मी काही केलेलं नाही. तिने मिळवलंय."

"व्हय रं, व्हय! असाच बोलायचा असतं!" शेठ डोळा मारून मोठ्याने हसले.

पालक हसले नाहीत.

दुपारी मानसिंग आले, मार्केटातून थेट, डोक्याचा पंचाही न सोडता. मागे सुनयना. मैदानावर सराव चालू होता, बाकीच्या मुली थांबून बघू लागल्या.

"सर, पोरगी म्हणतीया, शेठच्या नातीला घ्यायचं म्हणून तुमी हिचे गुण कापले."

मिथुनने सुनयनाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"गुण मी दिलेले नाहीत, शेडगे."

"मग तक्ता दावा. तुमीच म्हणालावता सभेत, बघाया मिळंल."

तक्ता बाईंच्या पिशवीत होता. तिन्ही निरीक्षकांनी शेऱ्यात एकच लिहिलं होतं: डावा पाय लंगडतो, दुखापत तपासावी. बाईंचा हात पिशवीकडे गेला. सुनयनाने मान वर केली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते बाईंनाही दिसलं आणि मिथुनलाही.

"नाही दाखवता येणार," मिथुन म्हणाला.

"का?"

"नाही दाखवता येणार."

मानसिंग जोरात हसले. "हमाली करतो म्हून वाचाया येत न्हाई वाटलं व्हय? सातवी शिकलोय. पोरीस्नी एकेकटीला गोड बोलून सांगायचं, यादी लावायची न्हाई. का, ते आज कळलं. त्यापरास शेठ बरा, त्यो तोंडावर तरी खातोय!" मुलींच्या रांगेतून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "मामाचा चमचा." मग दोघी-तिघी हसल्या. त्यांना सगळ्यांना मिथुननेच खो द्यायला शिकवलं होतं.

मानसिंगनी मुलीचा दंड धरला. "चल. वशिल्याबिगर हितं कायबी न्हाई. आजपासून खेळ बंद."

सुनयना ओढली जाताना डावा पाय जपून टाकत होती. मानसिंगचं तिकडे लक्ष नव्हतं.

"अजून सांगा," बाई मिथुनच्या कानाशी म्हणाल्या. "खेळ तर गेलाच तिचा. निदान तुम्ही तरी सुटाल."

"तिला मी शब्द दिलाय, बाई."

"तिनेच तुम्हाला विकलं हो!"

"पंधरा वर्षांची आहे ती," मिथुन म्हणाला आणि शिट्टी तोंडात धरली. पण ती वाजवली तरी मुली लगेच जागेवर गेल्या नाहीत.

तक्रार झाली. मुख्याध्यापकांनी तक्ता पाहिला, शेरा वाचला आणि चौकशी वाढली तर शेठचं नाव मध्ये येईल म्हणून फाइल मिटवून ठेवली. पुढच्या वर्षीपासून संघ पुन्हा ओसरीवर ठरू लागला. पालकांपैकी कुणी हरकत घेतली नाही. निदान हे सरळ आहे, असं ते म्हणत. सुनयना दहावी झाली आणि शाळेतून गेली. जाताना सगळ्या शिक्षकांच्या पाया पडली, मिथुनच्या वर्गावरून मात्र मान खाली घालून पुढे गेली. घोटा बरा झाला होता, जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली.

मिथुन भोईर अजून त्याच शाळेत आहे. खेळाचे तास आता दुसऱ्याकडे आहेत. तो सहावीला भूगोल शिकवतो आणि शाळा सुटली की बसपाशी उभा राहून मुलं मोजतो.