आपल्याच हाताचं सील

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, हिंगोलीतल्या आमच्या दुकानाच्या काउंटरवर व्हिडिओ गेमची एक सीलबंद डिस्क तपासायला आली. अनोळखी ऑनलाइन दुकानाने ती नवी म्हणून विकली होती. तिच्यावरचं सील माझ्या धाकट्या भावाने स्वतः मारलेलं होतं.

दुकान भावाचं आहे. पुढच्या भागात तो गेमच्या डिस्का विकतो, जुन्या घेतो, बदलून देतो. मागच्या भागात त्याची बायको लग्नाच्या रुखवताची ताटं, साड्यांचे ट्रे आणि सुक्या मेव्याच्या टोपल्या पारदर्शक कागदात पॅक करून देते. मी वर्तमानपत्रातली नोकरी सोडून गावी परतल्यापासून दुपारी तिथे बसतो. त्या दिवशीही बसलो होतो.

डिस्क आणणारे गृहस्थ आखाडा बाळापूरचे. त्यांचं बियाण्या-खतांचं दुकान आहे. वय चाळिशीच्या आत. दोन वर्षांपासून ते भावाचे गिऱ्हाईक होते आणि फुटबॉलचा गेम स्वतः खेळत. या वेळी पुण्याच्या साळ्याला भाऊबिजेला द्यायला त्यांनी एका गेमची विशेष आवृत्ती मागवली होती. तिच्यात जादा खेळाडूंचा एक कोड असतो. कोड एकदाच चालतो. भावाकडे ती आवृत्ती नव्हती. त्याने त्यांना त्या अनोळखी दुकानातून घेऊ नका, असं सांगितलंही होतं. त्या दुकानाच्या पानावर पत्ता नव्हता, परत घेण्याच्या अटी धड लिहिलेल्या नव्हत्या, आणि फोटो सगळे कंपनीच्या जाहिरातीतले होते. हातातल्या मालाचा एकही नव्हता.

"तुमचं ऐकलं न्हाई, पण तुमी सांगितलेलं एक काम केलं," ते म्हणाले. "पार्सल फोडताना व्हिडिओ काढला. कुरिअरच्या लेबलापासून. आतलं प्लॅस्टिक फाडलं न्हाई. आता तुमी बघा. बियाण्याच्या बॅगेची शिवण मला कळते, हे तुमचं खातं."

"शिवण बघूनच बॅग घेता व्हय?" भावाची बायको आतून म्हणाली. "मग डिस्क काहून न बघता घेतली?"

"वैनी, साळ्यासाठी माणूस आंधळाच होतो."

सगळे हसले. भावाने डिस्क हातात घेतली.

त्याची पाहण्याची पद्धत मला पाठ होती. आधी तो डबीची अरुंद टोकं बघत असे. डिस्कच्या डबीवर कारखान्यातलं प्लॅस्टिक बहुतेक वेळा अगरबत्तीच्या पुड्यावर असतं तसं असतं. ते सपाट गुंडाळलेलं असतं, दोन्ही टोकांना घडी घालून चिकटवलेलं, आणि मागच्या बाजूला एक सरळ जोड. ते डबीला ओढून धरत नाही. बोट फिरवलं तर किंचित सरकतं. दुकानात पुन्हा सील करणाऱ्याकडे ते यंत्र नसतं. त्याच्याकडे आकसणाऱ्या प्लॅस्टिकचा रोल, कडा जोडणारं हातदाबाचं सीलर आणि गरम हवेची बंदूक असते. त्या पॅकिंगला टोकाशी घडी नसते. तीन कडांवरून बारीक, उंच रेघ जाते. हवा निघायला सुईएवढी भोकं असतात, आणि कोपऱ्यांवर प्लॅस्टिक ताणून गोळा झालेलं असतं.

यालाही अपवाद आहेत, हे भाऊ प्रत्येकाला सांगत असे. पुठ्ठ्याच्या खोक्यातले पटावरचे खेळ कारखान्यातूनच आकसलेल्या प्लॅस्टिकमध्ये, भोकांसकट येतात. डिस्कांच्या काही कंपन्याही वेगळं पॅकिंग करतात. म्हणून नुसत्या प्लॅस्टिकवरून तो कधी कुणाला चोर म्हणाला नव्हता. त्याच कंपनीची दुसरी डिस्क शेजारी ठेवायची, मग बोलायचं, अशी त्याची रीत होती.

त्याने कपाटातून त्याच कंपनीची एक नवी डिस्क काढली आणि दोन्ही काउंटरवर ठेवल्या. नवीच्या टोकाला घडी होती. बाळापूरहून आलेल्या डिस्कला नव्हती.

"बरं झालं फाडलं न्हाई तुमी," तो म्हणाला. "हे पुन्हा मारलेलं सील आहे. ही बघा रेघ. ही भोकं."

बाळापूरचे गृहस्थ पुढे वाकले. "म्हणजे आतला कोड गेला?"

"ते फोडल्यावरच कळंल. पण कोड वापरल्याशिवाय कोणी असं करत न्हाई."

हे बोलताना त्याने डबी उजेडाकडे फिरवली, आणि तो थांबला. लांब कडेच्या रेघेवर, वरच्या कोपऱ्यापासून साधारण तीन बोटांवर, तांदळाएवढी जागा खरबरीत होती. तिथे प्लॅस्टिक जास्त वितळून लहरी आल्या होत्या. डबीच्या पुढच्या बाजूला, प्लॅस्टिकवर, रुपयाच्या नाण्याएवढं गोल चिकट वर्तुळ होतं. त्यावर धूळ बसली होती.

आमच्या सीलरच्या तापणाऱ्या तारेवर प्लॅस्टिक चिकटू नये म्हणून असतं ते कापड उन्हाळ्यात एका जागी जळलं होतं. नवं कापड नांदेडहून आणायचं राहून गेलं होतं. तेव्हापासून आमच्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक ताटाच्या, प्रत्येक टोपलीच्या लांब जोडावर तोच खरबरीत डाग होता. भावाची बायको गिऱ्हाइकाकडची बाजू सोडून तो मागे ठेवत असे.

ती आतून बाहेर आली. तिने डबीकडे बघितलं आणि मग नवऱ्याकडे.

"जेवायचं राहिलंय तुमचं," ती म्हणाली. "आत या जरा."

तो आत गेला. पडद्यामागे ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं, कारण मी पडद्यालगत बसलो होतो.

"बोलू नका. त्यांना कळलेलं न्हाई."

"मला कळलंय ना."

"लग्नं तोंडावर आली. तुळशीचं लग्न झालं की ताटांचे लोक येणार. काहून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

तो बाहेर आला आणि काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाइकाच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"भाऊ," तो म्हणाला, "हे सील माझ्या मशीनचं आहे."

बाळापूरचे गृहस्थ आधी हसले. त्यांना ती थट्टा वाटली. भावाने आतून एक पॅक केलेलं ताट आणलं आणि डाग दाखवला. मग रोलमधून तुकडा कापून, रिकामी डबी घालून, त्यांच्यासमोर सील मारलं. डाग त्याच जागी आला. सुईची भोकं त्याच ओळीत होती.

त्याने जे सांगितलं ते असं. उन्हाळ्यात परगावच्या एका माणसाने फोनवर जुन्या डिस्कांचा गठ्ठा मागितला. भाऊ जुन्या डिस्का धुळीपासून वाचवण्यासाठी त्याच प्लॅस्टिकमध्ये बंद करत असे आणि वर 'जुनी' असं छापलेलं पिवळं गोल स्टिकर लावत असे. तशाच त्याने पाठवल्या. ही विशेष आवृत्ती त्या गठ्ठ्यातली होती. कोड पहिल्या मालकाने वापरला होता, हे त्याने फोनवर त्या माणसाला सांगितलं होतं. वर्तुळ म्हणजे नंतर कुणीतरी काढलेल्या त्या स्टिकरचा डिंक.

"स्टिकर होतं याला पुरावा?" बाळापूरच्या गृहस्थांनी विचारलं. आवाज बदलला होता.

भावाने मोबाइल काढला. त्या माणसाला पाठवलेले फोटो होते. प्रत्येक डिस्कचा, दोन्ही बाजूंनी, ओरखडे दिसतील असा. सगळे फोटो प्लॅस्टिक चढवण्याआधीचे होते. पॅक केल्यानंतरचा, स्टिकर लावल्यानंतरचा एकही नव्हता.

"मला सांगता पार्सल फोडताना व्हिडिओ काढा," ते म्हणाले. "अन् तुमचा?"

"न्हाई काढला."

"त्या माणसाला फोन लावा."

लावला. नंबर बंद होता.

"वा. घेऊ नका म्हणून सांगणारे तुमीच, पॅक करणारे तुमीच, पकडणारेबी तुमीच. आमच्या धंद्यात अशा माणसाला दुकानासमोर उभं करत न्हाईत."

"मी लपवलं असतं तर तुमाला कळलं असतं का?" भावाने विचारलं.

"तेच कळून न्हाई राहिलं मला. काहून सांगितलं ते."

त्यांनी डबी उचलली, त्यांच्यासमोर सील केलेली रिकामी डबीही उचलली, दोन्ही पिशवीत घातल्या आणि निघाले. दारातून मागे वळून भावाच्या बायकोला म्हणाले, "वैनी, तुमी खरं बोलल्या होत्या. शिवण बघायची."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. अर्जात ऑनलाइन दुकान आणि आमचं दुकान, दोन्ही होतं. भाऊ ठाण्यात जाऊन तेच बोलला जे काउंटरवर बोलला होता. डबी तिथे दोन माणसांसमोर उघडली. आतली डिस्क बऱ्या स्थितीत होती, खालच्या बाजूला बारीक गोल ओरखडे होते. कोडचं कार्ड होतं. कोड टाकून बघितला. तो आधीच वापरला गेला होता.

शुक्रवारी दोन पोलीस दुकानात आले. सीलर, गरम हवेची बंदूक, प्लॅस्टिकचा रोल आणि उरलेली पिवळी स्टिकरं यांचा पंचनामा झाला आणि पोलीस ते सगळं ठाण्यात घेऊन गेले. पंच म्हणून शेजारचा घड्याळवाला आणि समोरचा झेरॉक्सवाला यांनी सह्या केल्या. घड्याळवाला सही करताना भावाकडे बघत नव्हता. झेरॉक्सवाल्याने विचारलं, "यात आमाला तर तकलीफ न्हाई ना होणार?"

स्टिकरांची पट्टी अर्धी संपलेली होती. ती कशावर लागली, हे पट्टीवरून सांगता येत नाही, असं अधिकारी म्हणाले. त्यांचा सूर वाईट नव्हता.

भाऊबीज होऊन गेली. साळ्याला काय दिलं ते मला माहीत नाही. डिस्का तपासायला येणारे लोक यायचे थांबले. एकदा कनेरगाव नाक्याचा एक ओळखीचा मुलगा सीलबंद डबी घेऊन आला, भावाने हात पुढे केला, तेवढ्यात त्याने ती पिशवीत परत ठेवली आणि चार्जरच्या वायरची किंमत विचारली.

तुळशीच्या लग्नानंतर रुखवतवाले आले. भावाच्या बायकोने दोन ताटं साध्या कागदात, चिकटपट्टी लावून बांधून दाखवली. एका मुलीच्या आईने ती उलटी करून पाहिली. "गेल्या वर्षी आमच्या जावेला दिलं होतं तसं पायजे," ती म्हणाली. तसं होणार नाही म्हटल्यावर ती वाशिमला गेली.

भावाने नवं सीलर घेतलं नाही. मी एकदा विचारलं.

"दादा, ते ठाण्यातून सुटंल मग बघू," तो म्हणाला.

पुढे पोलिसांनी ऑनलाइन दुकानाचा माग काढायचा प्रयत्न केला. ज्या खात्यात पैसे गेले होते ते खातं परराज्यातल्या एका माणसाच्या नावावर निघालं. तो त्या पत्त्यावर राहत नव्हता. दुकानाचं पान डिसेंबरात उघडणं बंद झालं. बाळापूरच्या गृहस्थांना पैसे परत मिळाले नाहीत. त्यांनी अर्ज मागे घेतलेला नाही.

मागच्या आठवड्यात मी ठाण्यात चौकशी केली. सीलर मुद्देमालाच्या खोलीत आहे. त्याच्या तारेवरचं जळलेलं कापड बदललेलं नाही.