चौदा सेंटांचा गंधार

"गंधार चढलाय! ऐकू येऊन न्हाई राहिलं का?" काका ओरडले, तेव्हा शपथेवर सांगतो, सिद्धेश्वरच्या धरणातले मासे तळाला गेले.

आम्ही औंढ्याला पेटी दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात होतो. काका-काकी जोडीनं गात, मी पेटी वाजवी. पेटी एकच.

"सुई शून्यावर हाय, काका," सूर मोजायचं यंत्र दाखवत कारागीर म्हणाला.

काकांनी पेटीचा षड्ज दाबून आपला गंधार गळ्यानं लावला. सुई चौदा सेंट खाली गेली.

"शेजारच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंट असतात. चौदा म्हंजे केसभर!" कारागीर म्हणाला.

"तो केस माझ्या कानात टोचतो, त्याचं काय?"

आणि खरंच, पेटीचा गंधार षड्जासोबत दाबला की आवाज थरथरायचा. काकांचा समईच्या ज्योतीसारखा स्थिर.

कारागिरानं त्या पट्टीची, आत कंप पावणारी पितळी पत्ती बुडाशी खरवडून सूर उतरवला. काकांचे डोळे भरून आले.

मग काकी गायल्या. काकांचा षड्ज काळी एक, काकींचा काळी पाच. त्यांचा पंचम नेमका त्याच पट्टीवर, आता चौदा सेंट पडलेला.

"पट्टी एक, गळे दोन," कारागीर म्हणाला. "एकाचंच जमल."



"तुमी गा," काकी म्हणाल्या. "मी टाळ धरते."