गणितसम्राज्ञी ढब्बू

शाळेत त्यांना सगळे नन्नाबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कुठलीही नवी वस्तू शाळेत आली की ती आधी त्यांच्या टेबलावर जायची आणि त्या नन्नाचा पाढा सुरू करायच्या. चाकांचा फळा आला, तर तो लिहिताना पळतो म्हणून नको. प्लास्टिकचे मणी आले, तर ते अर्धा वर्ग नाकात घालेल म्हणून नको. बरं, बाई म्हणायच्या तसंच व्हायचं. एकदा त्यांचं न ऐकता मणी घेतले, आणि तिसऱ्या दिवशी एका पोराला नाक धरून दवाखान्यात न्यावं लागलं.

त्यांची पारखायची रीत एकच. त्या नव्या वस्तूशी हुशारीनं वागायच्याच नाहीत. वर्गातलं सगळ्यात कच्चं पोर तिच्याशी कसं वागेल, तशा वागायच्या. "बरोबर उत्तराला काय, कुणीही शाबासकी देतं," असं त्या म्हणायच्या. "चुकलेल्याचं काय करतात ते बघावं." इतकी वर्षं गणित शिकवून पोरं कशी चुकतात हे त्यांना तोंडपाठ झालं होतं. आठ चारापेक्षा मोठे, म्हणून एक अष्टमांश एक चतुर्थांशापेक्षा मोठा. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश मिळवले, वरचे वर, खालचे खाली, आले दोन पंचमांश. कुठल्याही वर्षीचा वर्ग घ्या, ह्या दोन चुका ठरलेल्या.

यंदा मात्र नन्नाबाईंना हो म्हणायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि अगदी जिवावर उदार होऊन. कारण होता त्यांचा घसा. पन्नास पोरांवर ओरडून ओरडून स्वरतंतूंवर गाठी झाल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की बोलणं कमी करा, नाहीतर उरलासुरला आवाजही जाईल. आता बाईमाणसाला, त्यातून शिक्षिकेला, बोलू नका म्हणणं म्हणजे माशाला पाण्यातून बाहेर ये म्हणण्यासारखंच. बाई घरी येऊन दोन तास गप्प बसल्या, तेव्हा नवऱ्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं.

मुख्याध्यापिका होती त्यांची नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण, पण शाळेत साहेब. घरी "वहिनी, चहा टाका" म्हणणारी बाई शाळेत "बाई, आत या" म्हणायची, आणि दोन्हीकडे वहिनीच उठायच्या. तिनं एक दिवस आत बोलावून दार लोटलं आणि सरळच सांगितलं. एक कंपनी अपूर्णांक शिकवणारं ॲप देते आहे, पहिलं वर्ष फुकट, वर टॅबलेटही देणार. बोलायचं काम ॲप करेल, वहिनींनी वर्गात नुसतं फिरायचं. ते पसंत पडलं नाही, तर पुढच्या सत्रापासून ऑफिसात बसून दाखल्यांवर शिक्के मारायचे. नणंदेनं हे मायेनंच सांगितलं, म्हणून जास्त लागलं. वर्ग नाही म्हणजे मग आपण कोण, हे बाईंना सुचेना.

कंपनीचा माणूस आला. असा गोड, की बोलून गेल्यावर हात धुवावेसे वाटावेत. त्यानं पडद्यावर ससा दाखवला, ससा उड्या मारत उत्तर द्यायचा. बाईंनी कागदावर तीनच गोष्टी लिहिल्या होत्या. ॲपनं पोरांना काय यायला लागेल? पोरांची माहिती कुठे जाईल? आणि फुकटचं वर्ष संपल्यावर किती पैसे पडतील? पहिल्या प्रश्नावर तो म्हणाला, मुलं रमतील. बाई म्हणाल्या, रमायला मधली सुट्टी आहे. सत्राअखेर माझ्या पोरांना दोन अपूर्णांकांतला मोठा कुठला ते ओळखता आलं पाहिजे, आणि का मोठा ते सांगता आलं पाहिजे. माणूस म्हणाला, सगळं आहे, बघा तुम्ही.

बघायचं तर खात्यात मूल हवं. खऱ्या पोरांची नावं आईबापांना न विचारता कुठल्या यंत्रात घालायला बाई तयार नव्हत्या. तेव्हा त्यांनी एक विद्यार्थिनीच जन्माला घातली. नाव ढब्बू, इयत्ता पाचवी, आवड झोप. नवरा शिंपी होता. त्याच्या कापायच्या टेबलावर एक जुना फोन धूळ खात पडला होता, त्यात त्यांनी नवं सिम घातलं. तो नंबर अजून कुणालाच दिलेला नव्हता. पालकाचा नंबर म्हणून तोच टाकला. ॲपनं आधी विचारलं, फोनमधली सगळ्यांची नावं-नंबर बघू का? मग, तू कुठे आहेस ते बघू का? मग, माईक ऐकू का? नाही म्हटलं तर पुढेच सरकेना. "अपूर्णांक शिकवायला तुला माझी सोयरीक कशाला हवी रे, मेल्या?" बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, पण फोन रिकामाच होता, म्हणून दिली परवानगी.

मग ढब्बू गणिताला बसली. काय चुकली म्हणून सांगू! पहिलं उत्तर प्रत्येक वेळी चूक, आणि तेही विचार करून, ठरलेल्या दोन रस्त्यांनीच. ससा धपकन पडायचा, "अरेरे, पुन्हा बघ" म्हणायचा आणि चुकलेला पर्याय पुसट व्हायचा. चार पर्याय, तीन पुसट झाले की चौथा दगडालाही सापडेल. सापडला की चांदण्यांचा पाऊस. का चुकलं, हे सशानं एकदाही विचारलं नाही की सांगितलं नाही. धडा संपला तेव्हा ढब्बूला मुकुट मिळाला आणि बाईंच्या शिक्षक खात्यावर निरोप आला: ढब्बू गणितसम्राज्ञी झाली, प्रगती शंभर टक्के. एकही उत्तर पहिल्या झटक्यात बरोबर आलं नव्हतं.

बाईंनी फोन मांडीवर ठेवला. नवरा शिलाई थांबवून म्हणाला, एवढी वर्षं सगळ्यांना नाही म्हणालीस, एकदा स्वतःसाठी हो म्हण की. त्यात काय कुणाचं घर बुडतंय? बाईंनाही तसंच वाटत होतं. अगदी खरं सांगायचं तर त्यांनी कागदावर "चालेल" असं लिहिलंसुद्धा. ऑफिसातल्या त्या शिक्क्याच्या डबीची त्यांना धडकी भरली होती. मन खातंय तर खाऊ दे, म्हणाल्या, आणि कागद पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलावरचा जुना फोन वाजला. नवऱ्यानं तोंडातल्या टाचण्या काढून उचलला. पलीकडून एक मुलगी लाडात बोलत होती, कुठल्याशा शिकवणीवर्गाची. तुमची ढब्बू अपूर्णांकांत फार कच्ची आहे, छेद मोठा तर अपूर्णांक मोठा असं समजते, बेरजेत छेदही मिळवून टाकते, आत्ताच आमचा खास वर्ग लावला नाही तर पुढे जड जाईल. नवरा म्हणाला, "माझा एकुलता मुलगा बत्तीस वर्षांचा आहे. कच्चा तोही आहे, पण आता त्याचं त्याला बघू द्या." आणि हसत हसत त्यानं ते बायकोला सांगितलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि "चालेल"वर काट मारली, इतकी जोरात की कागद फाटला.

बैठकीला कंपनीचा माणूस आणि नणंद समोरासमोर. बाईंनी आवाज जपून ठेवला होता, तो सगळा इथे खर्च केला. ढब्बू हे नाव जगात एकाच ठिकाणी होतं, ह्यांच्या ॲपमध्ये. तो नंबरही तिथेच दिला होता. मग शिकवणीवाल्यांना तो मिळाला कुठून? माणूस म्हणाला, धोरणात लिहिलंय, निवडक भागीदारांना माहिती दिली जाऊ शकते, आणि पालकांनी मंजूर केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "मला सांगितलंत गणितसम्राज्ञी, आणि माझ्या नवऱ्याला सांगितलंत कच्ची. पोर नेमकी कुठे अडलीय ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मग तिच्या बाईला का नाही सांगितलंत?"

माणूस म्हणाला, चुकांचा तपशील शिक्षकांना दिसतो, पण तो वरच्या वर्गणीत येतो, दर मुलामागे दर वर्षी. फुकटात येतो तो मुकुट. आणि टॅबलेट? वर्गणी थांबली की परत न्यायचे. नणंदेनं चष्मा काढून पुसला. ती रागावली की चष्मा पुसायची, हे वहिनींना लग्नापासून माहीत होतं.

माणूस गेल्यावर मात्र तिनं राग वहिनींवर काढला. म्हणाली, दुसरं ॲप बघू म्हटलं तरी वर्ष जाईल, तोवर तुमचा घसा टिकणार आहे का? आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलात. आता सत्र संपलं की या ऑफिसात. वहिनींनी मान हलवली, आवाज उरलाच नव्हता.

सोमवारी नन्नाबाई वर्गात गेल्या त्या मुक्यानंच. घशातून नुसती हवा येत होती. पोरं वाट बघत होती. काय करावं? त्यांना दुसरं काही सुचेना, तेव्हा त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ढब्बू म्हणते, एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश मिळून दोन पंचमांश. आणि बाजूला होऊन खडू पुढे धरला.

आधी पोरांनी ते मोठ्यानं वाचलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, बरोबरच आहे की. पुढच्या बाकावरची दुसरी उसळलीच, म्हणे अर्ध्यात आणखी काहीतरी घातलं आणि अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं? कमी कुठे झालं, पहिला म्हणाला. मग कागदाच्या पट्ट्या आल्या, घड्या पडल्या, पाच भागांतले दोन आणि दोन भागांतला एक शेजारी शेजारी ठेवले गेले. पहिल्यानं डोळे बारीक करून पाहिलं आणि डोकं खाजवलं. जो तो ढब्बूला समजावायला फळ्याकडे धावू लागला. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ते काही त्यांनी पुसलं नाही.

गोंगाट ऐकून नणंद तणतणत आली. दारात पोचली आणि थांबली. तास संपेपर्यंत ती तिथेच होती, चष्मा न पुसता. शेवटी एका पोरानं तिलाच विचारलं, "मोठ्या बाई, ढब्बू शाळेत का येत नाही? तिला आम्ही शिकवलं असतं."

बाहेर आल्यावर दोघी व्हरांड्यातून चालल्या. मग नणंद म्हणाली, "शिक्के मारायला मी दुसरं कुणीतरी बघते. पण वहिनी, एक करा. त्या ढब्बूला एवढ्यात हुशार करू नका."

नन्नाबाईंनी खडूचे हात झटकत होकारार्थी मान डोलावली. बोलणं तर डॉक्टरीणबाईंनी कमीच करायला सांगितलं होतं, आणि पिशवीत उद्याची चूक लिहून तयार होती.