कार्डिफची ऑर्डर का गेली

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या छोट्या कंपनीत एक चांगली पद्धत होती. ऑर्डर मिळो वा हुको, महिन्याभरानं कुणीतरी त्या ग्राहकाला भेटून विचारायचं, तुम्ही असं का ठरवलंत? याला आम्ही विन-लॉस म्हणत असू. पुन्हा विकायला जायचं नाही, वाद घालायचा नाही, बोलणाऱ्याचं नाव बाहेर येऊ द्यायचं नाही. आणि त्या सौद्यात ज्याचा हात होता, त्यानं जायचं नाही, कारण इंग्रज माणूस तोंडावर वाईट बोलत नाही. ‘किंमत जास्त वाटली’ म्हणतो आणि चहा पुढे करतो.

दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला कार्डिफच्या एका हॉस्पिटलची ऑर्डर हुकली, ती प्रतिस्पर्धी कंपनीला मिळाली. बाह्यरुग्ण विभागाच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर होतं. विक्रीला आमचा नागपूरचा एक तरुण सहकारी होता, वर्क परमिटवर आलेला. डेमोला प्रॉडक्टचा प्रमुख म्हणून मीही गेलो होतो. तिथल्या मॅनेजरबाईंनी विचारलं, लॅबच्या सिस्टीमशी हे जोडलेलं आहे का? तो सरळ म्हणाला, “अजून नाही.” मी घाईनं मध्ये पडलो, “उन्हाळ्यापर्यंत होईल.”

परतीच्या ट्रेनमध्ये सँडविच उघडत तो म्हणाला, “सर, उन्हाळा म्हणालात. पण कुठला? इथला की नागपूरचा?”

“तू विकायचं बघ,” मी म्हणालो.

ऑर्डर गेल्यावर विन-लॉसला कुणाला पाठवायचं, हा प्रश्न आला. नेहमी हे काम करणाऱ्या बाई रजेवर होत्या. “मी जातो, कार्डिफच्या मॅनेजरबाई मला ओळखतात,” मी म्हणालो. करायला नको होतं तेच मी केलं, आणि का केलं हे तेव्हाही मला ठाऊक होतं.

मॅनेजरबाईंनी अपेक्षेप्रमाणे किमतीचं कारण दिलं. तिथेच थांबता आलं असतं. पण सवयीनं पुढचा प्रश्न तोंडातून गेला. “दोघांची किंमत सारखी असती, तर आम्हाला घेतलं असतं?”

त्यांनी कप खाली ठेवला. “नसतं. तुमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दुसऱ्या हॉस्पिटलला आम्ही फोन केला. त्यांनाही तुम्ही मागच्या वर्षी उन्हाळाच सांगितला होता. त्या तरुणानं ‘नाही’ म्हटलं तेव्हा मला वाटलं, या माणसाबरोबर काम करता येईल. मग तुम्ही बोललात.” कप पुन्हा उचलत त्या म्हणाल्या, “हे आपल्यातच राहील ना?”

“अर्थात,” मी म्हणालो.

नाव लपवायचा शब्द मी त्यांना दिला होता, आणि त्याच शब्दामागे मी स्वतः लपलो. अहवालात लिहिलं: मुख्य कारण किंमत. शिवाय, विक्री करणाऱ्यानं प्रॉडक्टमधली उणीव ग्राहकापुढे स्वतः मान्य केली. यातलं दुसरं वाक्य शब्दशः खरं होतं. डायरेक्टरनं तेवढंच मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, “हा आपल्याकडे आहे की त्यांच्याकडे?” सगळे हसले. मीही हसलो.

त्याची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर परमिटही. रीडिंगचं घर आवरताना त्याच्या बायकोनं आम्हाला प्रेशर कुकर दिला, “काकूंना चालेल ना?” म्हणून. माझ्या बायकोनं तो बरीच वर्षं वापरला. मी त्यातलं जेवत होतो.

काही वर्षांनी तो दुसऱ्या कंपनीतर्फे परत आला. लंडनच्या स्टॅनमोर भागात एका बारशात भेटला. अंगानं भरला होता, मोठ्या हुद्द्यावर होता. “सर, तुमच्या अहवालानं शिकवलं हो मला,” तो हसत म्हणाला. “आता ग्राहकानं काहीही विचारलं तरी मी हो म्हणतो. उन्हाळ्यापर्यंत होईल!”

आजूबाजूचे हसले. या वेळी मला हसता आलं नाही.

आठवडाभर मी टाळलं, मग फोन केला. कार्डिफच्या बाईंनी काय सांगितलं आणि मी काय लिहिलं, ते सगळं सांगितलं. माफी मागितली, तर तो म्हणाला, “ते राहू द्या.” मागे कुठेतरी टीव्ही चालू होता, तो त्यानं बंद केला.

“त्या माझ्याबद्दल काय म्हणाल्या होत्या?”

“या माणसाबरोबर काम करता येईल, असं.”

“मी नाही म्हटलं म्हणून?”

“हो. म्हणूनच.”

“सर,” तो म्हणाला, “सोमवारी माझा एक डेमो आहे. परत एकदा सांगा. त्यांच्याच शब्दांत सांगा.”

मी सांगितलं.