तिसऱ्या मजल्याचा फ्लॅट

मिना राठोड वारंगा फाट्याजवळच्या आरोग्य केंद्रात नर्स होती. साप चावलेल्या माणसाला धीर देणारी ही बाई हिंगोलीच्या बँकेत मात्र घामाने भिजली होती.

२००६ साल. नवरा दिपक नरसीच्या शाळेत मास्तर. दोघांनी हिंगोलीत फ्लॅट घ्यायचं ठरवलं, तेव्हा दिपकने तीन फ्लॅटचा तक्ता केला. बिल्डरच्या पत्रकात सातशे फूट लिहिलं होतं, त्यात जिना आणि भिंतीही धरलेल्या. दिपकने टेप घेऊन आतली जागा मोजली, तेव्हा तिसऱ्या मजल्याचा कार्पेट एरिया भरला पाचशे चाळीस. किंमत चार लाख शहाऐंशी हजार, म्हणजे फुटाला नऊशे. बाल्कनी मोठी, बोअरचं पाणी. त्याच इमारतीतला तळमजला चारशे तीस फूट, दर एक हजार पन्नास, बाल्कनी नाही. तक्त्यातला शेवटचा फ्लॅट दुसऱ्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, दर साडेनऊशे. पण पाणी टँकरचं.

"तिसरा मजला सगळ्यात स्वस्त पडतो," दिपक म्हणाला. मिनाने मान डोलावली. तेव्हापासून तिला नीट झोप नव्हती.

मिनाचा पगार धरूनच चार लाखांचं कर्ज बसत होतं. एकट्या दिपकला दोन लाख चाळीस हजारांवर मिळत नव्हते. म्हणून तिची सही हवी होती.

अधिकाऱ्याने अर्ज पुढे सरकवला. मिनाने पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"काय झालं?" दिपकने हळूच विचारलं. "पेन काहून ठेवलं?"

"मला वर न्हाई राहता येणार."

"काहून?"

ती बोलू लागली. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या साली ती लातूरच्या दवाखान्यात नर्सिंग शिकत होती. ढिगाऱ्याखालून काढलेली माणसं तिने धुतली होती, त्यांची नावं लिहून घेतली होती. त्यातलं एक लेकरू तिच्या हातात गेलं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"डोक्यावर आन् पायाखाली लोकांची घरं असली, की माझा जीव जातो. तुमी नाराज होऊ नका."

दिपकने तिच्यापुढचा अर्ज परत सरकवला. मग अधिकाऱ्याला म्हणाला, "साहेब, तळमजल्याचं बघा."

"दर जास्त पडतो मास्तर, जागाही कमी."

"एकूण किंमत तर कमीच हाय. साडेचार लाख एकावन्न... न्हाई, चार लाख एकावन्न हजार पाचशे."

बँक त्याच्या पंचाऐंशी टक्के द्यायला तयार होती. मिनाने सही केली, पण अक्षर वाकडं आलं.

तळमजल्यावरही तिच्या डोक्यावर चार मजले होतेच. ते तिला राहायला गेल्यावर जाणवलं, आणि पहिले कित्येक महिने तिने खाट दाराशीच ठेवली. अकोला रस्त्यावरून जड ट्रक गेला, खिडकीची काच वाजली, की ती चपला न घालता अंगणात. दिपक मागोमाग बाहेर येई आणि तिच्या शेजारी उभा राही. "ट्रक हाय मिना," एवढंच म्हणे. ती ऐके, ट्रकचा आवाज विरेपर्यंत तिथेच थांबे, आणि मग दोघं आत जात.