रेनेच्या कपाटातले खोके

रेनेच्या कपाटात पालक-भोपळ्याच्या लगद्याच्या, चोखून खायच्या पाकिटांचे तीन खोके आहेत. अर्ध्या किमतीत होते म्हणून तिने एकदम भरून ठेवले, आणि त्याच आठवड्यात मेबलने ते खाणं सोडलं. मेबल तिची मुलगी, दोन वर्षांची आहे. आता खाते ते चीजच्या कांड्या, पांढरा पास्ता, दूध, बस्स.

आरोग्य केंद्रातल्या नर्सने सांगितलं होतं: मेबलच्या रक्तात लोह कमी आहे, दूध कमी करा, लोह असलेलं काही खायला घाला, पुढच्या महिन्यात पुन्हा तपासू. रेनेचा नवरा खाणीवर असतो, तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. वृद्धाश्रमातली कामाची पाळी संपवून, मेबलला घेऊन ती थेट सुपरमार्केटला आली. मी तिची मैत्रीण, सोबत म्हणून मीही आले.

दाराशी मुलांसाठी फुकट फळांची टोपली असते. मेबलने केळं घेतलं, सोलून घेतलं आणि न खाताच माझ्या हातात दिलं.

मी पालकाचं पाकीट पुढून वाचलं. रेनेने ते उलटं केलं. घटकांत आधी सफरचंद, मग नाशपती, पालक शेवटून दुसरा. जे जास्त, ते आधी लिहितात, म्हणाली. डायनासोरचं चित्र असलेल्या फळांच्या पट्ट्यांवर ‘साखर घातलेली नाही’ असं छापलेलं. मागे, शंभर ग्रॅमच्या रकान्यात, निम्म्याहून जास्त साखर. आटवलेला फळांचा रस.

“म्हणजे साखरेच्या गोळ्याच,” मी म्हणाले.

“गोळ्या निदान स्वतःला फळ म्हणवत नाहीत.”

मेबलला पट्ट्या हव्या होत्या. ती रडत राहिली. रेने नाही म्हणाली, एकदाच, आणि ढकलगाडी पुढे नेली. मागची बाई आमच्याकडे बघत होती. रेनेला मागे वळून बघायचंही त्राण नव्हतं.

तिने लोह घातलेली गव्हाची बिस्किटं आणि टोमॅटोच्या रसातले, कमी मिठाचे, डबाबंद घेवड्याचे दाणे घेतले. मी दाण्यांचे सहा डबे ढकलगाडीत टाकले. तिने पाच परत ठेवले.

घरी तिने मेबलला पास्ता वाढला. स्वतःसाठी टोस्टवर दाणे घेतले. मेबलच्या ताटात एकही ठेवला नाही. मला वाटलं, विसरली.

थोड्या वेळाने मेबलने आईच्या ताटात बोट घातलं. एक दाणा उचलला. दाबला. तोंडात टाकला. मी तिच्याकडे बघत राहिले.

“बघू नकोस,” रेने टोस्ट कापत हळूच म्हणाली. “आणि शाबासकी तर मुळीच देऊ नकोस.”

दुसरा दाणा गेला. तिसरा जमिनीवर.

रेनेने ताट इंचभर मेबलकडे सरकवलं आणि डोळे मिटून घेतले. उद्या सहा डबे आणू का, मी विचारलं.

“एक,” ती म्हणाली.